भिंतीपलीकडची पावलं

'काउंटर-स्ट्राइक' या खेळात 'न्यूक' नावाचा एक जुना आणि प्रसिद्ध नकाशा आहे. अणुऊर्जा प्रकल्पाची इमारत, आत लोखंडी जिने, शिड्या आणि हवा खेळवायच्या पत्र्याच्या बोगद्या. या खेळात एका संघानं बॉम्ब लावायचा असतो आणि दुसऱ्यानं तो अडवायचा असतो. बॉम्ब लावण्याच्या दोन जागा असतात, ए आणि बी. बहुतेक नकाशांमध्ये त्या एकमेकींपासून लांब, दोन टोकांना असतात. न्यूकमध्ये मात्र एक जागा जवळपास दुसरीच्या डोक्यावर आहे. वरच्या मजल्यावर पहारा देणाऱ्या खेळाडूला धावती पावलं ऐकू आली, की पहिला प्रश्न पडतो तो हाच: आवाज आपल्या मजल्यावरचा की खालचा? उत्तर चुकलं तर तो जिना उतरून खाली पोचेपर्यंत वर बॉम्ब लागलेला असतो.

शत्रू दिसण्याआधी ऐकू येतो, हा अशा सगळ्या खेळांचा पाया आहे. धावलं की पावलांचा आवाज होतो, हळू चाललं की होत नाही. त्यामुळे वेग हवा की गुपचूपपणा, हा निर्णय प्रत्येक खेळाडूला क्षणोक्षणी घ्यावा लागतो, आणि समोरच्याला त्या निर्णयाचा फायदा उठवायचा असतो. पण हेडफोनमध्ये तर फक्त दोनच पडदे थरथरतात, एक डाव्या कानाशी आणि एक उजव्या. त्या दोन पडद्यांतून 'मागे, थोडं डावीकडे, एक मजला खाली, आणि मध्ये भिंत' एवढं सगळं कसं कळतं?

सुरुवात डावी-उजवीपासून करू, कारण ती सगळ्यात सोपी आहे. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्या कानाला किंचित उशिरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि माणसाचं डोकं सतरा-अठरा सेंटिमीटर रुंद असतं, म्हणून हा उशीर फार तर ०.६६ मिलिसेकंद भरतो. आवाज समोरून ३० अंश उजवीकडे असेल तर जेमतेम ०.२६ मिलिसेकंद. एवढा बारीक फरक मेंदूला बिनचूक कळतो. याशिवाय डोकं मध्ये आल्यामुळे पलीकडच्या कानावर आवाजाची सावली पडते आणि तिथे तो हलका ऐकू येतो. लॉर्ड रेले या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये या दोन खुणांची वाटणी मांडली. खर्जातल्या आवाजासाठी मेंदू वेळेतला फरक वापरतो, वरच्या पट्टीतल्या आवाजासाठी तीव्रतेतला. खर्जाच्या लाटा लांब असतात आणि त्या डोक्याला वळसा घालून पलीकडे जातात, म्हणून त्यांची सावली पडत नाही.

संगणकाला हे करायला काहीच अवघड नाही. खेळांचा आवाज बहुधा सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी तयार होतो. उजव्या कानाच्या मानानं डाव्या कानाचा आवाज बारा-तेरा नमुने मागे सरकवला आणि थोडा हलका केला, की तो उजवीकडे तीस अंशांवर गेल्यासारखा वाटतो.

पण समोर तीस अंश आणि मागे तीस अंश या दोन्ही जागांचं दोन्ही कानांपासूनचं अंतर सारखंच असतं. वर-खालीचंही तसंच. म्हणजे वेळ आणि तीव्रता या दोन खुणांना पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं कळत नाही. न्यूकच्या खेळाडूचा प्रश्न इथे अडतो.

तो प्रश्न सोडवतो आपला बाह्यकर्ण. कानाच्या बाहेरच्या भागाला ज्या वळ्या आणि खोबण्या आहेत, त्यांवरून आवाज परावर्तित होऊन कानाच्या भोकात शिरतो. मूळ आवाज आणि त्याची ही परावर्तनं एकमेकांत मिसळतात, काही वारंवारता वाढतात, काही जवळजवळ पुसल्या जातात. आवाज वरून आला की एका ठिकाणी खाच पडते, खालून आला की दुसऱ्या. मागून येणाऱ्या आवाजाला कानाची पाळच आडवी येते, त्यामुळे त्याचा वरच्या पट्टीतला भाग थोडा बोथटतो. जन्मापासून आपला मेंदू याच दोन कानांच्या खाचा वाचत मोठा झालेला असतो. मात्र या खाचा पडतात त्या मुख्यतः पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर. ८,००० हर्ट्झच्या लाटेची लांबी चार सेंटिमीटरच्या आसपास असते, कानाच्या वळ्यांच्या मापाची. २०० हर्ट्झची लाट पावणेदोन मीटर लांब असते. तिला कानाच्या वळ्यांचा पत्ताही लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच कळीची ठरणार आहे.

प्रत्येक दिशेहून येणाऱ्या आवाजाचं डोकं, खांदे आणि कान मिळून काय करतात, याची मोजणी करता येते. कानाच्या भोकाशी बारीक मायक्रोफोन बसवायचा आणि चहूबाजूंनी ध्वनी सोडून नोंद घ्यायची. या नोंदीला एचआरटीएफ म्हणतात आणि खेळाडूंच्या बोलण्यात हे नाव आता रुळलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबनं १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्याच्या डोक्यावर ७१० दिशांच्या अशा नोंदी घेऊन त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. खेळ चालू असताना संगणक शत्रूच्या पावलाची दिशा काढतो, त्या दिशेची नोंद उचलतो आणि पावलाचा कोरा आवाज त्या गाळणीतून दोन्ही कानांना देतो. 'व्हॅलोरंट'मध्ये २०२१ साली ही सोय आली तेव्हा ती सुरुवातीला सरसकट सगळ्या आवाजांना लावलीच नव्हती. पावलं, बंदुकीत गोळ्या भरण्याचा आवाज आणि सरावातल्या एका प्रकारात खेळाडू पुन्हा अवतरतो तो आवाज, एवढ्यांनाच लावली होती. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. दिशा कळणं जिथे जीवनमरणाचं आहे तिथेच ती गाळणी वापरली गेली.

पाऊल हा आवाजही दिशा ओळखण्यासाठी उत्तम आहे. टाच आपटते तेव्हा एक क्षणभराचा तीक्ष्ण टकटकाट होतो, आणि त्यात खर्जापासून अगदी वरच्या पट्टीपर्यंत सगळं असतं. लांबलेला, एकसुरी आवाज ओळखायला कठीण जातो. असा तुटक आवाज मेंदू चटकन पकडतो.

आता मध्ये भिंत आणू.

भिंत सगळा आवाज सारख्या प्रमाणात अडवत नाही. गणपतीच्या मिरवणुकीच्या वेळी घराची खिडकी लावून घेतली, की ताशाची तडतड नाहीशी होते आणि ढोलाचा ठोका मात्र छातीत घुमत राहतो. भिंतीचंही तेच आहे. ढोबळ नियम असा, की वारंवारता दुप्पट झाली की भिंत सुमारे ६ डेसिबल जास्त आवाज अडवते. त्यामुळे भिंतीपलीकडच्या पावलातली टाचेची तीक्ष्ण टकटक गळून जाते आणि धप्‌ धप्‌ उरते.

खेळात हे घडवण्यासाठी संगणक शत्रूच्या पायापासून तुमच्या कानापर्यंत एक काल्पनिक रेघ ओढतो. रेघ मध्ये कशाला आडवी लागली तर आवाज अडलेला मानायचा. पण एकाच रेघेनं काम केलं तर दाराच्या चौकटीशी घोटाळा होतो. शत्रू चौकटीच्या अलीकडे असताना आवाज पूर्ण मोकळा, आणि अर्धं पाऊल पलीकडे गेला की एकदम दबलेला. कानाला तो खटका बसतो आणि खेळाडूला वाटतं शत्रू अचानक दूर गेला. म्हणून शत्रूभोवती एक छोटा गोल कल्पून त्यातल्या अनेक बिंदूंपर्यंत रेघा ओढतात. सोळापैकी दहा रेघा मोकळ्या पोचल्या तर आवाज साधारण बासष्ट टक्के मोकळा. शत्रू चौकटीआड सरकत जातो तसा आवाजही हळूहळू दबत जातो. उरलेला, भिंतीतून झिरपणारा भाग वेगळा हिशोबात धरतात. व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम ऑडिओ' या साधनात प्रत्येक पदार्थाला तीन आकडे दिलेले असतात: ८०० हर्ट्झपर्यंतचा किती भाग आरपार जाईल, ८०० ते ८,००० हर्ट्झमधला किती आणि त्यावरचा किती. वीट, लाकूड, काच, पत्रा यांचे आकडे वेगवेगळे.

आता मघाची ती कळीची गोष्ट आठवा. पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं कळण्यासाठी लागणाऱ्या खाचा वरच्या पट्टीत असतात, आणि भिंत नेमकी तीच पट्टी खाऊन टाकते. म्हणजे आवाज भिंतीआड आहे हे जितकं खरेपणानं दाखवावं, तितकी तो वर आहे की खाली हे सांगायची ताकद कमी होत जाते. डावं-उजवं टिकतं, कारण वेळेतला फरक खर्जातही शाबूत असतो. न्यूकमध्ये वरच्या आणि खालच्या मजल्यामध्ये जाड स्लॅब आहे. खरोखरच्या इमारतीतला नियम तंतोतंत लावला, तर खालून फक्त अस्पष्ट धपधप ऐकू येईल, आणि ती खालून येते हे कानाला सांगणारी खूणच शिल्लक राहणार नाही. या क्षेत्रातली सगळ्यात अवघड तडजोड मला हीच वाटते. म्हणून खेळ बनवणारे मुद्दाम खोटेपणा करतात. वरच्या पट्टीतला थोडा भाग भिंतीतून जाऊ देतात, किंवा मजल्यांच्या फरशा वेगवेगळ्या पदार्थांच्या ठेवतात. वर काँक्रीट, खाली लोखंडी जाळी, शिडीचा आवाज निराळा. तेव्हा तरबेज खेळाडू कशावर चालल्याचा आवाज आहे यावरूनही मजला ओळखतो. 'खाली' हे कानाच्या वळ्यांनी सांगितलं नाही, तरी जाळीचा खणखणाट सांगतो.

आवाजाची दिशा कोणती मानायची, हा भिंतीमुळे उभा राहणारा दुसरा प्रश्न. एक प्रसंग घेऊ. तुम्ही एका खोलीत विटांच्या भिंतीकडे तोंड करून उभे आहात. शत्रू त्या भिंतीच्या पलीकडे, सरळ रेषेत तुमच्यापासून चार मीटरवर धावतो आहे. दार तुमच्या डावीकडे आहे, आणि दारातून वळसा घेऊन त्याच्यापर्यंतची वाट दहा मीटरची आहे. खऱ्या घरात काय होईल? विटांची भिंत सुमारे ४० डेसिबल आवाज गिळते, कधी त्याहून जास्त. दाराच्या वाटेनं येणारा आवाज अंतर अडीचपट झाल्यामुळे साधारण ८ डेसिबलनं हलका होतो, कोपऱ्यावर वळताना आणखी थोडा. तरी भिंतीतून येणाऱ्या आवाजापेक्षा तो कितीतरी मोठा राहतो. म्हणजे खऱ्या आयुष्यात ती पावलं तुम्हाला डावीकडून, दारातून ऐकू येतील. शत्रू समोर असला तरी.

अनेक वेगवान नेमबाजीच्या खेळांत असं करत नाहीत. तिथे दिशा सरळ रेषेचीच ठेवतात, भिंतीमुळे आवाज फक्त दबवतात. त्यामुळे तुमच्या प्रसंगात पावलं समोरून, दबक्या आवाजात येतील. हे खोटं आहे, पण खेळाडूला शत्रूची नेमकी जागा मिळते आणि पातळ भिंत असेल तर तो तिच्यातून गोळीही झाडू शकतो. याउलट युबिसॉफ्टच्या माँट्रिआल स्टुडिओचा २०१५ सालचा 'रेनबो सिक्स सीज'. त्यात भिंती फोडता येतात, तळघराच्या छताला भगदाड पाडता येतं. तिथे संगणक आवाजासाठी मोकळी वाट शोधतो आणि पावलं त्या वाटेच्या तोंडातून ऐकवतो. कुणी भिंतीला भोक पाडलं की आवाजाला नवी वाट मिळते आणि त्याची दिशाच बदलते. या कल्पनेची मुळं जुनी आहेत. लुकिंग ग्लास स्टुडिओजच्या १९९८ मधल्या 'थीफ' या खेळात नकाशा खोल्या आणि दारं असा विभागलेला होता, आवाज दारांतून खोलीखोलीत जायचा, आणि खेळातले पहारेकरीही तुमची पावलं त्याच हिशोबानं ऐकायचे. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये निकुंज रघुवंशी आणि जॉन स्नायडर यांनी नकाशातल्या ध्वनिलहरींचं गणित आधीच करून ठेवायची पद्धत विकसित केली आणि ती २०१६ च्या 'गिअर्स ऑफ वॉर ४'मध्ये वापरली गेली. कोपऱ्यावरून वळणारा आवाज त्यात रेघांच्या अंदाजाऐवजी लहरींच्या गणितातून येतो.

मोकळ्या वाटेची पद्धत निसर्गाला धरून आहे आणि मला तीच जास्त आवडते, कारण ती शत्रू कुठून येऊ शकेल हे सांगते. पण तिचा त्रासही खरा आहे. वरच्या मजल्यावर धावणाऱ्याचा आवाज जिन्यातून खाली आला, तर तो शेजारच्या खोलीत असल्यासारखा भासतो आणि खेळाडू भलत्याच दाराकडे बंदूक रोखून बसतो. सरळ रेषेच्या खेळात कान तयार झालेल्याला 'सीज'मध्ये आवाज बिघडलेला वाटतो, त्यामागे बहुतेक वेळा ही सवय असते. नवा खेळ सुरू केल्यावर मित्राला रिकाम्या नकाशात भिंतीपलीकडे धावायला सांगावं आणि आवाज भिंतीतून येतो की दारातून, हे आधी ऐकून घ्यावं.

मध्ये भिंत असो वा नसो, पुढे की मागे हा गोंधळ कायम उरतो. कारण खेळातली नोंद कुणा दुसऱ्याच्या डोक्याची किंवा पुतळ्याची असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेनं २००१ मध्ये ४५ जणांच्या कानांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यात माणसागणिक खाचांच्या जागा चांगल्याच बदललेल्या दिसतात. प्लेस्टेशन ५ मध्ये म्हणूनच सुरुवातीला पाच तयार पर्याय दिले होते. ऐकून बघायचं आणि आपल्या कानाला जुळेल तो निवडायचा. कान जुळले नाहीत तरी एक उपाय मात्र सगळ्यांना लागू पडतो, आणि तो आपण रोज नकळत करतोच: मान वळवणं. खेळात मान म्हणजे माउस. दबकी पावलं समोर आहेत की मागे हे कळत नसेल, तर नजर वीसेक अंश उजवीकडे फिरवा. आवाज डावीकडे सरकला तर तो समोर आहे, उजवीकडे सरकला तर मागे. यासाठी फक्त डावं-उजवं लागतं, आणि ते भिंतीतूनही टिकतं. कसलेले खेळाडू पावलं ऐकताना माउस जरा जरा हलवत राहतात, त्याचं कारण हे.

एवढं सगळं गणित होऊनही बिघाड बहुधा खेळाच्या बाहेर होतो. त्यातला सगळ्यात सामान्य म्हणजे दुहेरी गाळणी. खेळात एचआरटीएफ चालू असतं, आणि वर संगणकाच्या सेटिंगमध्ये किंवा हेडफोनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आभासी ७.१' चालू असतं. खेळानं कानांच्या खाचा आधीच कोरून दिलेल्या असतात. दुसरं सॉफ्टवेअर त्या आवाजाला दोन स्पीकरचा साधा आवाज समजतं आणि त्यावर आपल्या खाचा पुन्हा कोरतं. ओळखायची खूण सोपी आहे: आवाज घुमल्यासारखा, पोकळ वाटतो आणि मागची पावलंही समोर कुठेतरी लटकल्यासारखी वाटतात. खेळातलं ठेवा, बाहेरचं बंद करा.

दुसरा बिघाड ब्लूटूथचा, आणि तो आपल्याकडे फार आहे, कारण आपल्याकडे 'बीजीएमआय'सारखे खेळ मोबाइलवर खेळले जातात आणि कानात बिनतारी इअरबड असतात. एक तर आवाज उशिरा पोचतो. दोनशे मिलिसेकंद उशीर झाला तर सेकंदाला सहा मीटर धावणारा शत्रू तेवढ्यात सव्वा मीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे दाराआडून बाहेर. त्याहून वाईट गोष्ट टोळीतल्या मित्रांशी बोलण्यासाठी त्याच इअरबडचा माइक चालू केल्यावर घडते. नेहमीचं ब्लूटूथ तेव्हा फोनकॉलच्या पद्धतीवर जातं. त्या पद्धतीत दोन्ही कानांना एकच आवाज मिळतो, आणि तोही जास्तीत जास्त आठ हजार हर्ट्झच्या आतला, जुन्या उपकरणांत चार हजारांच्या आतला. वरच्या पट्टीतल्या खाचा गेल्या, आणि डावं-उजवंही गेलं. माइक सुरू होताच संगीताचा आवाज फोनवर ऐकल्यासारखा चपटा झाला, तर हेच झालं असं समजावं. मग नकाशाच्या कोपऱ्यात पावलांची खूण उमटते तेवढाच आधार उरतो. एका कानानं ऐकू न येणाऱ्यांसाठी तर ती खूण हाच कायमचा आधार असतो, म्हणून ती काढून टाकावी असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तेव्हा महागडा हेडसेट घेण्याआधी एवढं करा. तारेचे साधे, दोन्ही कानांचे इअरफोन घ्या, डाव्या-उजव्याची खूण पाहून नीट घाला, फोनच्या किंवा संगणकाच्या सेटिंगमध्ये 'मोनो' बंद आहे ना ते पाहा, खेळातली त्रिमितीय आवाजाची सोय चालू ठेवा आणि बाकीच्या सगळ्या 'सराउंड' सोयी बंद करा.